प्रेझेंटेशन छान झालं, पण नंतर काहीच हललं नाही: शेवटच्या स्लाईडची दुरुस्ती

लक्षण ओळखीचं आहे. प्रेझेंटेशन संपतं, दोघं-तिघं "छान मांडलंत" म्हणतात, दोन प्रश्न येतात, वेळ संपते. आठवड्याभराने मेल येतो, "त्या विषयाचं पुढे काय ठरलं?" हा मेल बहुतेक वेळा त्याच माणसाकडून येतो ज्याने काहीतरी ठरवावं म्हणून तुम्ही वीस स्लाईड्स केलेल्या असतात.

सहकाऱ्यांच्या डेक, म्हणजे प्रेझेंटेशनच्या स्लाईड्सचे संच, तपासून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, आणि हा एकच बिघाड पुन्हा पुन्हा समोर येतो. माणूस हुशार, विषय पक्का, आकडे बरोबर. शेवटच्या स्लाईडवर मात्र "धन्यवाद" किंवा "पुढील दिशा" या मथळ्याखाली पाच ओळी. ऐकणाऱ्याला पटलेलं असतं, फक्त नेमकं काय करायचं ते त्याला कळलेलं नसतं. पुढची दुरुस्ती त्यासाठी आहे. ज्या प्रेझेंटेशनचा हेतू फक्त माहिती देण्याचा आहे, म्हणजे महिन्याचा आढावा किंवा एखाद्या प्रकल्पाची स्थिती, तिथे ओढूनताणून कृती मागू नका. मागण्यासारखं काही नसताना मागितलं, तर खरी मागणी येईल तेव्हा कुणी तिच्याकडे लक्ष देणार नाही.

आधी बिघाड नेमका कुठे आहे ते पाहा

दुसऱ्या दिवशी मीटिंगमधल्या तिघांना वेगवेगळं गाठा आणि एकच प्रश्न विचारा: "काल मी तुमच्याकडून काय मागितलं?" 'कसं वाटलं' असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी 'छान' असंच येतं.

तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या, तर तुम्ही एकापेक्षा जास्त गोष्टी मागितल्या आणि प्रत्येकाने आपल्या सोयीची उचलली. तिघांचं उत्तर एकच पण धूसर असेल, "ते लेबलचं काहीतरी सुधारायचं आहे ना" अशा थाटाचं, तर मागणी एकच आहे पण तिचं क्रियापद पोकळ आहे. काम तिघांना बरोबर आठवतं, पण ते दुसरं कुणीतरी करणार आहे असं प्रत्येकाला वाटतं, तर स्लाईडवर करणाऱ्याचं नाव नाही. आणि तिघांनीही काम, आपला वाटा, तारीख सगळं बरोबर सांगून वर "पण मला ते पटलं नाही" असं म्हटलं, तर शेवटची स्लाईड ठीक आहे. बिघाड मधल्या पुराव्यात आहे आणि शेवट कितीही घासूनपुसून त्याचा उपयोग नाही.

ही विचारपूस अवघड वाटत असेल तर प्रेझेंटेशनच्या आधीच एक सोपी चाचणी करता येते. विषयाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याला फक्त शेवटची स्लाईड दाखवा, पाच सेकंदांनी झाका आणि विचारा, "कुणी काय करायचं आहे, आणि कधी?" त्याला तिन्ही सांगता आलं नाही, तर खोलीत बसलेल्यांनाही सांगता येणार नाही. सवय झाल्यावर मी दुसऱ्यांच्या डेक शेवटून उघडायला लागलो. शेवटची स्लाईड वाचून मागणी कळत नसेल तर आधीच्या स्लाईड्स तपासण्यात अर्थ नसतो, कारण त्या कशासाठी आहेत हेच ठरलेलं नसतं.

एक डेक, सुरुवातीपासून दुरुस्त केलेली

माल पाठवणाऱ्या एका गोदामातली ही डेक. अडचण अशी होती की काही खोक्यांवर चुकीचं लेबल लागत होतं. माल भलत्याच पत्त्यावर जायचा, परत यायचा, पुन्हा पाठवावा लागायचा. डेक करणाऱ्या बाईंनी मुळाशी जाऊन शोध घेतला होता. लेबल छापलं जातं आणि खोक्यावर चिकटवलं जातं, यांच्या मध्ये खोकी टेबलावर साचतात आणि तिथे अदलाबदल होते. त्यांचा उपाय होता की खोकं पट्ट्यावरून गाडीकडे जाण्याआधी एकदा आतल्या मालाची पावती आणि बाहेरचं लेबल असं दुहेरी स्कॅन करायचं. न जुळल्यास मशीन वाजेल.

अठरा स्लाईड्स होत्या आणि सतराव्यापर्यंत सगळं नीट होतं. अठरावी अशी:

> पुढील दिशा
> • स्कॅनिंग प्रक्रिया बळकट करणे
> • कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणावर भर देणे
> • आयटी विभागाचे सहकार्य अपेक्षित
> • खर्चाचा आढावा घेण्यात यावा
> • नियमित देखरेख
> धन्यवाद!

खोलीत सात जण होते: संचालन प्रमुख, वित्त विभागातले एक जण, आयटी प्रमुख आणि चार पर्यवेक्षक. सगळ्यांनी माना डोलावल्या. तीन आठवड्यांत काहीही झालं नाही. वरचा प्रश्न त्या बाईंनी तिघांना विचारला, तेव्हा आयटी प्रमुख म्हणाले, "तुम्ही आम्हाला तपशील पाठवणार होतात." एक पर्यवेक्षक म्हणाले, "प्रशिक्षण होणार आहे ना?" संचालन प्रमुख म्हणाले, "खर्चाचा आढावा आला की बघू." प्रत्येक जण दुसऱ्या कुणाच्या तरी पहिल्या पावलाची वाट पाहत होता.

दुरुस्ती करताना आम्ही आधी एकच प्रश्न घेतला: या पाचांपैकी कोणती गोष्ट झाली की बाकीच्या आपोआप मार्गी लागतील? प्रशिक्षण कशाचं द्यायचं हे स्कॅनिंग सुरू होणार हे ठरल्याशिवाय कळत नाही. आयटीने काय करायचं तेही त्यावरच. देखरेख तर त्यानंतरची. म्हणजे बाकी चार ओळी एका निर्णयाच्या मागून येणाऱ्या होत्या. त्यांना त्या निर्णयाच्या बरोबरीने मांडल्यामुळे निर्णयच दिसेनासा झाला. शेवटच्या स्लाईडवर पाच ओळी असतात तेव्हा बहुतेक वेळा असंच असतं: एक कुलूप आणि चार दारं. कुलूप कोणतं ते तुम्हीच शोधायचं. ऐकणाऱ्यांवर ते सोडलं तर ते आपल्या जवळचं दार ढकलत बसतात.

मग पहिला मसुदा झाला: "सर्व लाईन्सवर दुहेरी स्कॅनिंग सुरू करण्यात यावे." मागणी एक झाली, तरी दोन गोष्टी खटकत होत्या.

पहिली खोट भाषेची आहे, आणि ती आपल्याकडे फार मुरलेली आहे. "करण्यात यावे", "घेण्यात येईल", "अपेक्षित आहे", "भर देणे" ही कार्यालयीन मराठी करणाऱ्याला वाक्यातून अलगद बाहेर काढते. वाक्य भारदस्त वाटतं, पण काम कुणाचं ते त्यात कुठेच नसतं. टिपणात ती भाषा खपते, कारण टिपण ज्याच्या नावे जातं तोच करणारा असतो. खोलीत सात माणसं बसलेली असताना मात्र करणारा उरतच नाही. म्हणून माझा साधा नियम आहे की शेवटच्या स्लाईडवर 'ण्यात' आणि 'अपेक्षित' दिसलं की खोडायचं, आणि वाक्य माणसापासून सुरू करायचं. "बळकट करणे", "लक्ष देणे", "प्रयत्न करणे", "विचार करणे" ही क्रियापदंही त्याच वेळी काढायची. कसोटी सोपी आहे. पुढच्या शुक्रवारी "झालं का?" असं विचारलं तर हो किंवा नाही असं उत्तर देता आलं पाहिजे. "मंजुरी दिली का?" याला उत्तर आहे. "प्रक्रिया बळकट केली का?" याला "चालू आहे" एवढंच उत्तर मिळतं.

इथे एक अडचण येते, ती खरी आहे. समोर वरिष्ठ असतील तर "मंजुरी द्या" असं मोठ्या अक्षरांत लिहिणं उद्धट वाटतं. त्या संकोचातूनच माणूस "यावे"कडे वळतो. तिढा असा सुटतो की आज्ञार्थ टाळून निर्णयालाच कर्ता करायचं: "आज हवा असलेला निर्णय", आणि त्याखाली निर्णय पूर्ण वाक्यात. तो कुणी घ्यायचा हे पुढच्या ओळीत हुद्द्यासकट. तोंडाने मात्र थेट विचारायचं, "आज ही मंजुरी द्याल का?" स्लाईडवर मागणी स्पष्ट असली की बोलण्यात आर्जव ठेवायला जागा राहते. उलट केलं, म्हणजे स्लाईडवर आर्जव आणि बोलण्यातही आर्जव, तर मागणी कुठेच उरत नाही.

दुसरी खोट मागणीच्या आकाराची होती. सगळ्या लाईन्सवर स्कॅनिंग म्हणजे नवी उपकरणं, सगळ्या पाळ्यांचं प्रशिक्षण, खर्चाचा वेगळा प्रस्ताव. हे संचालन प्रमुखांना त्या खोलीत एकट्याने मंजूर करताच येत नव्हतं. त्यामुळे "बघू" हे उत्तर त्यांच्या जागी बरोबरच होतं. ज्या माणसाकडे मागायचं त्याच्या अधिकारात, त्याच बैठकीत हो म्हणता येईल एवढी मागणी लहान करायची. आम्ही विचारलं, त्यांना कुणाला न विचारता काय मंजूर करता येईल? एका लाईनवर, आहे त्याच हातातल्या स्कॅनरवर, ठरावीक मुदतीसाठी प्रयोग. त्याला नवा खर्च नव्हता, फक्त प्रत्येक खोक्यामागे थोडा वेळ जास्त जाणार होता. पुढचं सगळं या प्रयोगाच्या निकालावर.

मागणी लहान केली की उद्दिष्टही लहान झालं असं वाटून पुष्कळ जण अडतात. त्या बाईही अडल्या होत्या. पण सगळ्या लाईन्सचं चित्र सतराव्या स्लाईडवर होतंच, ते तिथेच राहिलं. शेवटच्या स्लाईडवर फक्त त्या दिशेचं पहिलं पाऊल आलं. कुठे जायचं आहे आणि आज काय ठरवायचं आहे, या दोन गोष्टी एका स्लाईडवर आल्या की आजची गोष्ट हरते.

शेवटची आवृत्ती अशी:

> आज हवा असलेला निर्णय:
> लाईन 2 वर 4 आठवडे दुहेरी स्कॅनिंग
> मंजुरी: संचालन प्रमुख
> सुरुवात: सोमवार, 6 तारीख, सकाळची पाळी
> 4 आठवड्यांनी तपासू: परत आलेली खोकी कमी झाली का?

शेवटची ओळ वरवर पाहता जास्तीची वाटेल. मी ती मुद्दाम ठेवायला सांगितली. मंजुरी देणाऱ्याला एक भीती असते की आज हो म्हटलं तर हे कायमचं गळ्यात पडेल. मुदत आणि तपासणी दोन्ही समोर दिसली की ती भीती कमी होते. ही दुसरी मागणी नव्हे, पहिल्या मागणीचीच मर्यादा आहे. जी ओळ हो म्हणणं सोपं करते ती ठेवायची. जी ओळ ऐकणाऱ्याला आणखी एक काम देते ती काढायची. मग प्रशिक्षण, आयटीचं काम, खर्चाचा तपशील यांचं काय? ते निर्णयानंतरच्या मेलमध्ये, ज्याचं त्याला, नावानिशी गेलं.

दुसऱ्या बैठकीत ही स्लाईड पडद्यावर आली तेव्हा संचालन प्रमुखांनी पहिला प्रश्न विचारला, "सोमवारीच का?" मागणी पोचल्याची याहून चांगली खूण नाही. लोक तुमच्या अटींवर घासाघीस करू लागतात, तेव्हा त्यांनी मूळ गोष्ट हातात घेतलेली असते. सुरुवात बुधवारवर गेली आणि प्रयोग सुरू झाला.

प्रश्नोत्तरांत मागणी वाहून जाते

आता दुसरं कारण. यात स्लाईड बरोबर असते, पण तिला पडद्यावर राहू दिलं जात नाही.

तुमची बोलण्याची वेळ वीस मिनिटं असेल तर एकेक स्लाईड मिनिटभर दिसते. त्यानंतर दहा मिनिटं प्रश्न चालतात, आणि त्या वेळात पडद्यावर जे असतं ते इतर कुठल्याही स्लाईडपेक्षा जास्त वेळ लोकांसमोर राहतं. ही सगळ्यात मोक्याची जागा आपण "धन्यवाद" किंवा "प्रश्न?" या शब्दाला देऊन टाकतो. आभार तोंडाने मानावेत, ते जास्त मनापासूनही वाटतात. पडद्यावर मागणी राहू द्यावी.

"शेवटचं लक्षात राहतं" या विश्वासावर कुणी म्हणेल, मागणी शेवटी बोललो ना, झालं. ते अर्धंच खरं आहे. ग्लान्झर आणि क्युनिट्झ या मानसशास्त्रज्ञांचा 1966 सालचा प्रयोग इथे आठवावा. त्यांनी लोकांना पंधरा शब्दांच्या याद्या दिल्या. लगेच आठवायला सांगितलं तर यादीतले शेवटचे शब्द चांगले आठवले. पण यादी संपल्यावर 30 सेकंद आकडे मोजायला लावले, तर शेवटच्या शब्दांचा हा फायदा नाहीसा झाला. सुरुवातीच्या शब्दांवर मात्र त्या मोजणीचा तसा परिणाम झाला नाही. शब्दांच्या याद्या आणि प्रेझेंटेशन या एक गोष्टी नाहीत हे मान्य, पण दिशा स्पष्ट आहे. शेवटी बोललेलं तेव्हाच ताजं राहतं जेव्हा त्यानंतर डोकं दुसऱ्या कशात गुंतत नाही. प्रश्नोत्तरं म्हणजे नेमकं ते गुंतणं. कुणीतरी आठव्या स्लाईडवरच्या आकड्याबद्दल विचारतो, चर्चा तिकडे जाते आणि बैठक त्या आकड्यावर संपते.

म्हणून दोन गोष्टी कराव्या लागतात. प्रश्न चालू असताना मागणीची स्लाईड पडद्यावर हवी. आणि शेवटचं वाक्य तुमचं हवं, प्रश्न विचारणाऱ्याचं नव्हे. वेळ संपायला दोन मिनिटं असताना म्हणायचं, "एक शेवटचा प्रश्न घेऊया, मग निर्णयाकडे येऊ." ते उत्तर झालं की पडद्याकडे वळून मागणी जशीच्या तशी वाचायची आणि थांबायचं. त्या शांततेत पुढे बोलत राहण्याचा मोह होतो. तो आवरा. तिथे बोललेलं प्रत्येक वाक्य समोरच्याला उत्तर देण्यापासून सुटका देतं.

पडद्याचं तंत्र थोडं सांभाळावं लागतं, कारण इथेच धांदल होते. प्रश्नाच्या उत्तरासाठी लागणारे तक्ते मागणीच्या स्लाईडनंतर ठेवा आणि त्यांचे क्रमांक कागदावर लिहून ठेवा. `PowerPoint` मध्ये स्लाईड शो चालू असताना स्लाईडचा क्रमांक टाईप करून `Enter` दाबलं की थेट त्या स्लाईडवर जाता येतं. म्हणजे `23` आणि `Enter` ने तक्ता दाखवा, उत्तर द्या, आणि `18` आणि `Enter` ने मागणीवर परत या. उत्तर देऊन झाल्यावर परत येणं ही तालमीत करायची गोष्ट आहे, नाहीतर तक्ताच शेवटपर्यंत पडद्यावर राहतो.

मागणीच्या स्लाईडवर ॲनिमेशन ठेवू नका. ओळी एकेक करून येणार असतील आणि तुम्ही क्रमांक टाईप करून त्या स्लाईडवर परत आलात, तर ॲनिमेशन पहिल्यापासून सुरू होतं. पडद्यावर नुसता मथळा दिसतो आणि मजकूर आणायला सगळ्यांसमोर चार वेळा क्लिक करत बसावं लागतं. ऐन निर्णयाच्या क्षणी असं झालेलं मी पाहिलं आहे. वातावरण त्या चार क्लिकमध्ये सैल पडतं.

तक्ते नसतील आणि मागणीची स्लाईड अगदी शेवटची असेल, तर एक जास्तीचं क्लिक तुम्हाला काळ्या पडद्यावर नेतं. `Options` मधल्या `Advanced` भागात `End with black slide` ची खूण काढता येते, पण मग तेच क्लिक शो बंद करून डेकची संपादनाची खिडकी सगळ्यांसमोर उघडतं, ते आणखी वाईट. त्यापेक्षा मागणीच्या स्लाईडच्या दोन प्रती शेवटी जोडा. चुकून पुढे गेलात तरी पडद्यावर तेच दिसेल.

समोर शंभर जण असतील तर

प्रशिक्षण किंवा मोठ्या सभेत मंजुरी देणारा एक माणूस नसतो. प्रत्येकाने आपापल्या जागी जाऊन काहीतरी करावं अशी अपेक्षा असते. इथे बिघाड वेगळा असतो: सगळ्यांना करायचं असतं, पण खोलीबाहेर पडल्यावर ते करण्याची वेळ कधीच येत नाही.

याबद्दल मला सगळ्यात उपयोगी वाटलेला प्रयोग 1965 सालचा आहे. येल विद्यापीठात लेव्हेन्थल, सिंगर आणि जोन्स यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहिती देऊन लस घेण्याचं आवाहन केलं. काहींच्या पुस्तिकेत भीती वाटेल असा मजकूर होता, काहींच्या सौम्य. त्याशिवाय काही जणांना विद्यापीठाचा नकाशा दिला, त्यात आरोग्य केंद्राच्या इमारतीवर खूण होती, आणि आपल्या आठवड्याच्या वेळापत्रकात तिथे कधी जाता येईल ते पाहायला सांगितलं. नकाशा आणि वेळेचं नियोजन मिळालेल्यांपैकी सुमारे 28 टक्के जणांनी लस घेतली. नुसती माहिती आणि आवाहन मिळालेल्यांपैकी सुमारे 3 टक्के जणांनी. विद्यार्थ्यांना ती इमारत आधीपासून माहीत असणारच, तरी फरक पडला. भीतीचा मजकूर कमी की जास्त, याने मात्र प्रत्यक्ष लस घेण्यात फरक पडला नाही.

शेवटच्या स्लाईडसाठी याचा अर्थ असा की "आजच सुरुवात करा!" या वाक्याला आणखी जोर देऊन उपयोग नाही. कुठे, कधी आणि पहिली हालचाल कोणती, हे द्यायला हवं. "पासवर्डची सुरक्षा गांभीर्याने घ्या" ऐवजी "आज घरी गेल्यावर, फोन चार्जिंगला लावताना, ईमेल खात्याची दोन-टप्पी पडताळणी चालू करा." फोन चार्जिंगला लावणं रोज होतंच, त्यामुळे आठवण करून देणारा क्षण वाक्यातच आहे. एक खातं सांगितलं, सगळी खाती सांगितली नाहीत, कारण ईमेल खात्यावरून बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलता येतात, म्हणून सुरुवात तिथूनच.

त्याहून चांगलं म्हणजे पहिला एक मिनिट खोलीतच करून घेणं. "फोन काढा, उद्याच्या कॅलेंडरमध्ये पंधरा मिनिटं या कामाच्या नावाने अडवून ठेवा" असं म्हणून खरोखर साठ सेकंद गप्प राहायचं. हे करताना संकोच वाटतो, वेळ वाया जातो आहे असं वाटतं. पण बोलण्यातली शेवटची दोन मिनिटं कापून ती इथे द्यावीत असंच मी सांगेन.

क्यूआर कोड ठेवणार असाल तर मागच्या रांगेतून आधी स्कॅन करून पाहा. ढोबळ हिशेब असा की कोडची रुंदी अंतराच्या एक दशांश तरी हवी, म्हणजे 10 मीटरवरच्या माणसासाठी पडद्यावर 1 मीटर. एवढी जागा सहसा नसते, म्हणून शेजारी हाताने टाईप करता येईल असा छोटा पत्ता द्या. कोडभोवती पांढरी मोकळी जागा सोडा. आणि कोड एकच ठेवा, दोन ठेवले की पुन्हा दोन मागण्या झाल्या.

स्लाईड बरोबर आहे, तरीही "बघू"

एवढं करूनही कधी कधी निर्णय होत नाही. बहुतेक वेळा कारण असं असतं की ऐकणाऱ्याला मागणी पहिल्यांदाच शेवटी कळली. वीस मिनिटं तो समस्या ऐकत होता, कोणत्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे हे त्याला माहीत नव्हतं, त्यामुळे आकडे त्या नजरेने त्याने पाहिलेच नाहीत. उपाय शेवटी नाही, सुरुवातीला आहे. दुसऱ्याच स्लाईडवर तेच वाक्य, त्याच शब्दांत ठेवा: "शेवटी मी लाईन 2 वर 4 आठवडे दुहेरी स्कॅनिंग करायला मंजुरी मागणार आहे." शब्द बदलू नका. सुरुवातीला "दुहेरी स्कॅनिंग" आणि शेवटी "अंमलबजावणी" म्हटलं, तर ऐकणाऱ्याला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात आणि तो सावध होतो.

मंजुरी देणाऱ्याशी आदल्या दिवशी पाच मिनिटं बोलता आलं तर आणखी बरं. शेवटची स्लाईडच दाखवा आणि विचारा, "यावर उद्या हो म्हणायला काही अडचण येईल का?" गोदामाच्या डेकमध्ये हे केलं असतं तर "सोमवारीच का?" हा प्रश्न आदल्या दिवशीच सुटला असता. सोमवारी मालाची आवक सगळ्यात जास्त असते हे पर्यवेक्षकांना माहीत होतं, डेक करणाऱ्या बाईंना नव्हतं.

आणि स्पष्ट "नाही" आलं तर? त्यासाठी एक लहान मागणी खिशात ठेवा, स्लाईडवर नको. पडद्यावर दोन पर्याय दिसले की लोक लहानच निवडतात. "नाही" ऐकल्यावर विचारायचं, "कोणती गोष्ट कळली तर हो म्हणता येईल?" उत्तर आलं, समजा "प्रत्येक खोक्यामागे किती सेकंद वाढतात ते", की तीच नवी मागणी: "मग एका पाळीत पन्नास खोकी मोजून शुक्रवारी आकडा आणते, चालेल?" ते सगळ्यांदेखत मागणीच्या स्लाईडवर, मंजुरीच्या ओळीच्या जागी टाईप करा. बैठकीनंतर एका तासाच्या आत तोच मजकूर, तेच नाव आणि तीच तारीख मेलने पाठवा, आणि शुक्रवारच्या बैठकीची पहिली स्लाईड म्हणून तीच उघडा.